भावंडाची सवलत आणि विलंब शुल्क: पावती कशी तपासावी?

प्रश्न: इंदूरच्या शाळेत धाकटीची वार्षिक शिकवणी फी ३६,००० रुपये, तीन हप्ते, भावंडाची सवलत १० टक्के, विलंब शुल्क थकीत हप्त्याच्या २ टक्के. उशिरा भरलेल्या हप्त्याची पावती ११,०४० रुपयांची आली. बरोबर आहे का?

उत्तर: नाही, पावतीत २४ रुपये जास्त लागले आहेत. सवलत वार्षिक फीवर आधी धरली की ३२,४०० रुपये उरतात, म्हणजे हप्ता १०,८०० रुपयांचा होतो आणि त्यावर २१६ रुपये दंड धरून ११,०१६ रुपये येतात. शाळेने मात्र पूर्ण १२,००० रुपयांवर २४० रुपये दंड लावून मग १,२०० रुपये सवलत वजा केलेली दिसते. म्हणजे जी रक्कम मुळात देय नव्हती, तिच्यावरही दंड बसला. म्हणून पावतीत दंडाची ओळ आधी पाहावी: २४० हा आकडा असेल तर चूक तिथेच आहे, आणि लेखा विभागाला लेखी अर्ज देताना त्याच ओळीचा उल्लेख करावा. दंड ठरावीक रकमेचा असता तर ही बेरीज क्रमाने बदलली नसती. मात्र मुदत चुकल्यास त्या हप्त्याची सवलत रद्द होते, असे शाळेच्या फी-परिपत्रकात असेल, तर देय रक्कम १२,२४० रुपये ठरते, त्यामुळे ते कलम अर्जाआधी वाचून घ्यावे.