हर्नियाचं ऑपरेशन आणि वजन उचलण्याचं काम: फिटनेस सर्टिफिकेटवर काय लिहून घ्यायचं

"वय ३९. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ येते, आडवा झालो की आत जाते. सर्जन म्हणाले हर्निया आहे, ऑपरेशन करून टाका. दुर्बिणीने करू की साधं? माझं काम गोडाऊनमध्ये आहे, दिवसभर १५-२० किलोची खोकी उचलावी लागतात. साहेब म्हणतात आठवड्याभरात हजर हो. खरंच जमतं का?"

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीचे माझे ते दोन महिने आठवले. माझंही काम एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतं आणि मलाही "आठवड्याभरात ये" असंच सांगितलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. इथे जे लिहितोय ते माझ्या अनुभवातलं आणि नंतर दोन सर्जनना खोदून खोदून विचारलेलं आहे. तुमच्या पोटाचा निर्णय तुमच्या सर्जननेच घ्यायचा.

दुर्बीण की साधं, यावर लोक महिनोन् महिने घालवतात. माझ्या मते तेवढं डोकं शिणवू नका. एक गैरसमज मात्र काढून टाका. दुर्बिणीने केलं म्हणजे जाळी लागत नाही, असं नसतं. जाळी दोन्हीकडे बसवतात, फक्त बसवण्याची जागा वेगळी. साध्या ऑपरेशनात जांघेवर बोटभर लांबीचा छेद घेऊन जाळी पुढून बसवतात आणि ते कमरेखालचा भाग बधिर करून होतं, काही ठिकाणी तर फक्त तेवढी जागा बधिर करूनही करतात. दुर्बिणीत तीन लहान छिद्रं असतात, जाळी स्नायूंच्या मागच्या बाजूने बसते आणि बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. दुर्बिणीत सुरुवातीचं दुखणं कमी असतं, माणूस थोडा लवकर कामाला लागतो, पण खर्च जास्त. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा आधी साधं ऑपरेशन होऊन तो परत आला असेल, तर दुर्बिणीकडे कल असतो. उलट ओटीपोटाचं किंवा प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन आधी झालेलं असेल तर दुर्बीण अवघड जाते. जाळीच नको असणाऱ्यांसाठी पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची पद्धतही आहे. तिच्यात तिथल्याच पडद्याची पट्टी वापरून भिंत मजबूत करतात. तुमच्या सर्जनना एकच विचारा: तुमचा हात कशावर बसलाय आणि महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? ज्यावर हात बसलाय ते करून घ्या. माझं साधं, जाळीचं झालं होतं आणि ऑपरेशनबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

माझं नुकसान झालं ते एका कागदामुळे.

टाके तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हणालो, "स्टोअरमध्ये आहे." त्यांच्या डोळ्यांसमोर टेबल, रजिस्टर आणि पंखा आला असणार. त्यांनी लेटरहेडवर एक ओळ लिहिली, 'फिट टू रिझ्यूम ड्यूटी', खाली तारीख आणि शिक्का. मीही ती न वाचता घडी घालून खिशात ठेवली. माझं स्टोअर म्हणजे ३५ लिटरचे ऑइलचे कॅन, बेअरिंगच्या पेट्या आणि हाताने ओढायची हायड्रॉलिक ट्रॉली, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नाही.

पंधराव्या दिवशी हजर झालो. पर्सोनेलमध्ये सांगितलं की थोडे दिवस बसून काम द्या. समोरच्या माणसाने कागद माझ्याकडे फिरवला आणि त्या एका ओळीवर पेन टेकवलं. "लाइट ड्यूटी कुठे लिहिलंय? मग आम्ही कशी देणार?" बोलणं एवढंच झालं. सतराव्या दिवशी जोडीदार आला नव्हता, गाडी लागली होती आणि मी एकट्याने कॅन उतरवले. तिसऱ्या कॅनला जखमेच्या आत शिवण उसवावी तशी कळ आली. संध्याकाळी जांघेत सुपारीपेक्षा मोठी, टणक गाठ. बायकोला न सांगता बाथरूममध्ये उभा राहून दहा वेळा हात लावून पाहिलं. हर्निया परत आला, जाळी सुटली, असंच वाटत होतं.

सोनोग्राफीत कळलं की जाळी जागेवर आहे, आत रक्त आणि पाणी साचलंय. फरक ओळखायची खूण सर्जननी तेव्हा सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. हर्निया परत आला तर खोकल्यावर फुगवटा ढकलल्यासारखा बाहेर येतो आणि आडवं झाल्यावर बहुतेक वेळा आत जातो. साचलेल्या पाण्याची गाठ खोकल्यावर तशीच राहते, झोपलं तरी तशीच. पक्कं निदान अर्थात तपासूनच होतं. अशी गाठ सुई घालून लगेच काढायचा आग्रह धरू नका, कारण सुईमुळे जाळीपर्यंत जंतू जाण्याची भीती असते. बहुतेक वेळा ती शरीरातच जिरते. माझी जिरायला पाच आठवडे गेले.

पण त्या पाच आठवड्यांची रजा आली कुठून? पहिल्या सर्टिफिकेटवर मी "फिट" होतो, म्हणून ऑफिसने याला नवा आजार धरलं. वैद्यकीय रजा संपलेली. २६ दिवस बिनपगारी गेले. मी तीन अर्ज दिले, एकाचंही लेखी उत्तर आलं नाही. ज्यांच्या समोर मी पोट धरून उभा होतो त्यांना एक फोन डॉक्टरांना करता आला असता. अजूनही त्याचा राग जात नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, आठवड्याभरात जमतं का. वजनाविषयी दोन मतं ऐकाल. २०१८ मध्ये हर्नियाच्या सर्जनांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांच्या मते दुखणं सोसवेल तसतशी हालचाल सुरू करा, लवकर कामाला लागल्याने हर्निया परत येण्याचं प्रमाण वाढत नाही. आपल्याकडे बरेच सर्जन चार ते सहा आठवडे जड उचलू देत नाहीत, काही तीन महिने म्हणतात. मला आता वाटतं की दोन्हीत तथ्य आहे. घरी आपण बादली उचलतो, ओढ बसली की खाली ठेवतो. कामावर गाडी लागलेली असते, जोडीदार नसतो, तिथे खाली ठेवता येत नाही. "सोसवेल तेवढं" हा सल्ला ज्याला थांबायची मुभा आहे त्याच्यासाठी आहे. तुम्हाला ती नसेल तर सर्जनना तसं स्पष्ट सांगा आणि मुदत लिहून मागा. बसून काम असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत माणूस जातो. १५-२० किलो दिवसभर उचलायचं असेल तर आठवडा हा आकडा डोक्यातून काढा. तीन ते सहा आठवडे धरून चला, तेही वजन पायरीपायरीने वाढवत. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो, तो सहा आठवडे दुसऱ्या कुणालातरी उचलू द्या.

दुसऱ्या खेपेला मी कागद असा लिहून घेतला आणि त्यावर ऑफिसला काही बोलता आलं नाही:

"अमुक तारखेपासून मर्यादित कामासाठी योग्य. अमुक तारखेपर्यंत ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलणे, ओढणे किंवा ढकलणे टाळावे. त्यानंतर दोन आठवडे १० किलोपर्यंत. अमुक तारखेला फेरतपासणी, त्यानंतर पूर्ण कामाबाबत निर्णय."

किलो आणि तारखा तुमचे सर्जन ठरवतील, पण दोन्ही कागदावर हवेतच. "ओढणे, ढकलणे" हे शब्दही हवेत, नाहीतर ट्रॉली हातात येते. नुसतं "जड काम टाळावे" लिहिलं तर जड म्हणजे किती, हे सुपरवायझर ठरवतो. कागदाची प्रत हजर होताना द्या आणि स्वतःच्या प्रतीवर पोच घ्या. सर्जनकडे जाताना मोबाइलमध्ये तुमच्या गोडाऊनचा, खोक्यांचा फोटो घेऊन जा. दिवसाला किती खोकी, कुठून कुठे, ते आकड्यात सांगा.

पैशाचं थोडक्यात. ईएसआयसीत असाल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, मात्र वर्गणीच्या अटी पूर्ण असायला हव्यात आणि सर्टिफिकेट त्यांच्या डॉक्टरांचं लागतं. स्वतःची मेडिक्लेम असेल तर हर्निया बहुतेक पॉलिसींत सुरुवातीच्या प्रतीक्षा काळाच्या यादीत असतो, बऱ्याचदा दोन वर्षं. तारीख ठरवण्याआधी ते पान वाचा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ही अट अनेकदा नसते.

घरी गेल्यावर काही गोष्टी होतात ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. मणक्यातल्या इंजेक्शननंतर पहिल्या रात्री लघवी अडकू शकते, संकोच न करता नर्सला सांगा. तिसऱ्या दिवशी अंडकोश निळाकाळा दिसला की धाबं दणाणतं, पण ते वरून उतरलेलं रक्त असतं, आधार देणारी घट्ट चड्डी घाला. उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळून हातावर जोर देऊन उठा. दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला कडक होतं आणि कुंथण्याने ओढ बसते, म्हणून शौच साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. गाडी चालवायची तर अचानक ब्रेक दाबताना कळ येत नाही ना, हे उभ्या गाडीवर बघा. मेन स्टँडला महिनाभर हात लावू नका. जखमेखाली दोरीसारखी टणक रेघ लागते, ती काही महिन्यांनी मऊ होते. आजूबाजूची बधिरता माझी वर्षभर राहिली. साधारण दहातल्या एकाला त्रासदायक दुखणं तीन महिन्यांनंतरही राहतं. ते मनाचे खेळ म्हणून कुणी उडवून लावलं तर दुसऱ्या सर्जनला दाखवा.

ऑपरेशनची तारीख लांब असेल तर एवढंच बघा: गाठ टणक झाली, आत जाईना, दुखायला लागली, उलट्या झाल्या किंवा गॅस सुटेना, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. तसं काही नसेल तर घाईने उद्याच करायची गरज नसते. माझ्या मते गोडाऊनचा सीझन संपल्यावरची तारीख घ्या आणि सहा आठवड्यांची रजा आधीच लेखी मागा, लवकर बरे झालात तर लवकर हजर होता येईल. माझ्या दुसऱ्या सर्टिफिकेटची प्रत अजून आहे, नाव झाकून फोटो टाकू शकतो, हवी असेल तर सांगा.