टाकं का भरत नाही? बारावीचं डिफरन्शियल इक्वेशन आणि एक मोडकी तोटी

प्रश्न: माझा पुतण्या बारावीला आहे. डिफरन्शियल इक्वेशनची गणितं भराभर सोडवतो, पण ‘याचा अर्थ काय’ असं विचारलं की गप्प. त्याला कसं समजावू?

उत्तर: सोडवतो म्हणजे सूत्र लावतो. एक चल इकडे, एक तिकडे, दोन्हीकडे इंटिग्रल घातला, शेवटी C लिहिला की झालं. दोष त्याचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. हे मी जरा तावातच लिहितोय, कारण याच गोष्टीवरून माझं एका क्लासमालकाशी वाजलं होतं. ते पुढे येईलच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शिकवण्या घेतो. बारावीची एक विद्यार्थिनी होती, तुमच्या पुतण्यासारखीच. उत्तर बरोबर, अर्थ शून्य. त्यांचं घर गावाच्या टोकाला, वावराला लागून. अंगणात ढोरांसाठी बांधलेलं सिमेंटचं टाकं, आतून एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल. चैत्रातल्या एका सकाळी मी गेलो तर तिचे बाबा फोनवर मोटर मिस्त्रीशी भांडत होते. फोन ठेवून मलाच सांगायला लागले, “मास्तर, मोटर रातभर चालते, पण टाकं काही भरत नाई. अर्धी वीत खालीच रायते. वाइंडिंग गेलं वाटते. काढूनच नेतो आता.”

मी टाक्यात डोकावलो. आतल्या भिंतीवर क्षाराची पांढरी रेघ होती, चारही बाजूंनी एकाच उंचीवर, पट्टीने आखावी तशी. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, जिथे पाणी रोज थांबतं तिथे ते असं लिहून ठेवतं. तळाशी अर्ध्या इंचाची तोटी होती, मोडलेली, पुरती बंद होत नव्हती. तिच्यातून करंगळीएवढी धार एका नालीत पडत होती आणि नाली जात होती लिंबाच्या झाडाला. पाणी झाडाला जातंय म्हणून घरात कोणीही त्याला गळती मानत नव्हतं.

मी म्हटलं, वही आणि एक दहा लिटरची बादली घेऊन ये. आज पुस्तक नको.

आधी बादली मोटरच्या पाइपाखाली धरली. ४० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. टाक्याचा तळ एक चौरस मीटर, त्यामुळे १० लिटर पाणी पडलं की पातळी बरोबर एक सेंटिमीटर चढते. म्हणजे पाणी मिनिटाला दीड सेंटिमीटर चढायला हवं.

“मग टाकं सव्वा तासाच्या आत भरलं पाहिजे, सर.”

“तोटी?”

“ते तं थोडंसंच जाते.”

“थोडंसं म्हणजे किती?”

तोटीपासून ४० सेंटिमीटर पाणी असताना मोटर बंद केली आणि बादली धारेखाली लावली. एका मिनिटात भरली. थोडंसं वाटणारं ते पाणी मिनिटाला १० लिटर होतं, म्हणजे आत येणाऱ्या पाण्यातलं दोन तृतीयांश. पोरगी गप्प झाली, तिचे बाबाही.

मग मी विचारलं, पाणी दहा सेंटिमीटरवर उतरलं की बादलीला किती वेळ लागेल? तिने लगेच सांगितलं, “चौथाई पाणी, तर धार चौथाई. चार मिनिटं.” हे उत्तर तिला कोणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. आपल्या पुस्तकातला उपयोजनांचा भाग काढून बघा. लोकसंख्यावाढ, किरणोत्सारी ऱ्हास, न्यूटनचा शीतकरणाचा नियम, सगळीकडे बदलाचा दर कशाच्या तरी समप्रमाणात. पोरांना वाटतं, जगात दुसरं काही घडतच नाही.

पाणी ४० वरून १० वर यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात पोहे झाले. दहाच्या खुणेवर तिने बादली लावली, मोबाइलवर वेळ धरली. दोन मिनिटांत बादली भरली. तिला मोबाइलच चुकला असं वाटलं. बादली रिकामी करून पुन्हा लावली, तरी तेच, वर काही सेकंद जास्त कारण पाणी तोवर थोडं आणखी उतरलं होतं. पाणी चौथाई झालं तरी धार निम्मीच झाली होती.

मी म्हटलं, अकरावीचं v² = 2gh आठव. पाण्याच्या पृष्ठभागापासून तोटीपर्यंत दगड सोडला तर तो ज्या वेगाने खाली पोचेल, आदर्श धरलं तर त्याच वेगाने पाणी भोकातून बाहेर पडतं. यालाच टॉरिसेलीचा नियम म्हणतात. म्हणजे वेग उंचीच्या वर्गमुळाबरोबर चालतो. उंची चौथाई झाली की वेग निम्मा होतो. प्रत्यक्षात घर्षण असतं आणि धार भोकाबाहेर आकसते, म्हणून पाणी हिशोबापेक्षा कमी निघतं. पण ती सगळी घट ४० सेंटिमीटरवर मोजलेल्या त्या बादलीत आलेलीच आहे, वेगळी काढायची गरज नाही.

आता तिनेच लिहिलं. आत येणारं मिनिटाला दीड सेंटिमीटर, बाहेर जाणारं उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे, ४० वर मिनिटाला एक सेंटिमीटर:

dh/dt = 1.5 − √(h/40)

तिचा हात लगेच चल वेगळे करायला निघाला. मी पेन काढून घेतलं. म्हटलं, सोडवू नको, वाच. टाकं रिकामं आहे, तर उजवीकडे किती? “दीड.” म्हणजे पातळी मिनिटाला दीड सेंटिमीटरने चढतेय. पाणी ४० वर आलं? “दीडातून एक गेला, अर्धा.” म्हणजे अजून चढतंय, पण तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने. आणि ९० वर? तिने नव्वदाला चाळीसने भागलं, सव्वादोन आले, वर्गमूळ काढलं, दीड. दीडातून दीड गेले.

“सर, शून्य. मग पाणी चढतच नाई?”

“आता टाक्यात टेप टाक.”

तोटीपासून त्या पांढऱ्या रेघेपर्यंत टेप धरला. ९० ला एक बोटभर कमी. “सर, हे तं रेघच निघाली!” असं ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आई चुलीवरून उठून आली. मग मी तिची आधीची समजूत घालून बघायला लावली, धार उंचीच्या समप्रमाणात धरून: 1.5 − h/40. ते शून्य होतं ६० वर. ६० ला भिंतीवर काहीच खूण नव्हती. कोणतं समीकरण खरं, हे तिने भिंतीवरून ठरवलं. पुस्तकात मागे छापलेल्या उत्तराची गरज पडली नाही.

तिच्या बाबांचा प्रश्न सगळ्यात चांगला होता. “मग दिवाळीत हेच टाकं भरून वाहत होतं, ते कसं?” तोटी तेव्हाही मोडकीच होती. पण तेव्हा बोअरला पाणी वर असतं, मोटर सहज ओढते. त्यांच्या अंदाजाने मिनिटाला वीसेक लिटर. दीडाच्या जागी दोन घाला, उजवी बाजू शून्य होते १६० वर. टाक्याची उंची १०० च, त्यामुळे ते भरून वाहतं आणि मोडक्या तोटीकडे कोणी बघत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, धार १५ वर येते आणि थांबण्याची जागा काठाच्या खाली सरकते. मोटरीत बिघाड नव्हता. त्यांनी तोटी बदलली आणि मोटर बोअरमध्येच राहिली. मिस्त्री अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

सोडवणूक नंतर, दुसऱ्या दिवशी. h = 40u² असं घेतलं की चल वेगळे होतात, बारावीच्या पोराला जमण्यासारखं आहे. त्यातून निघालं की पहिले ४० सेंटिमीटर भरायला साधारण ५२ मिनिटं लागतात आणि पुढचे ४० भरायला जवळजवळ तीन तास. थेट ९० ला तर ते कधीच पोचत नाही, नुसतं जवळ जात राहतं. रात्रभर मोटर चालवून ते एक बोट खाली का राहिलं, तेही त्यातच आलं.

आता त्या क्लासमालकाबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्याकडे मी काही काळ शिकवायचो. मी फळ्यावर टाकीचं चित्र काढलं की ते दारातून म्हणायचे, “सर, टाक्या गवंड्याला शिकवा. आपण टाइप वन, टाइप टू करू.” त्यांचं म्हणणं, पोरं सीईटीला बसतात आणि तिथे अर्थ कोणी विचारत नाही. कबूल, विचारत नाही. पण ‘टाइप’ पाठ केलेल्या पोराला दर समप्रमाणात नसलेलं गणित आलं की तो टाइप शोधत बसतो, आणि मिनिटं त्यातच जातात. उजवी बाजू कुठे शून्य होते हे बघायला दहा सेकंद लागतात आणि चार पर्यायांतले दोन तिथेच गळतात. म्हणजे वेळेच्याच हिशोबाने बघितलं तरी मालक चूक होते. ते मी तेव्हाही म्हटलं होतं, पण पगार त्यांच्या हातात होता.

तर तुमच्या पुतण्याला बादली द्या. आधी किती येतं ते मोजायला लावा, मग दोन वेगवेगळ्या उंचींवर किती जातं ते. समीकरण त्यालाच लिहू द्या आणि उजवी बाजू कुठे शून्य होते हे विचारल्याशिवाय सोडवू देऊ नका. बोर्डाच्या पेपरात मात्र टाक्याची गोष्ट लिहू नका म्हणावं, तिथे पायऱ्यांनाच मार्क असतात.

आणखी एक राहिलं. हा हिशोब सरळ भिंतीच्या टाक्याला लागू आहे, कारण तिथे प्रत्येक सेंटिमीटरला पाणी सारखंच लागतं. छतावरची उभी गोल काळी टाकीही चालेल. आडवा टाकलेला ड्रम घेऊ नका, त्यात पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ उंचीबरोबर बदलतं आणि समीकरण पहिल्याच दिवशी हाताबाहेर जातं. आणि मोटर घेतली तर व्होल्टेज स्थिर असेल तेव्हा घ्या. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की ४० सेकंदांची बादली सहज मिनिटावर जाते, मग तो दीडचा आकडा दीड राहत नाही.