रोजगार मेळाव्यासाठी एकपानी बायोडेटा आणि तोंडी ओळख

प्रश्न: सोलापुरात रोजगार मेळाव्याला जायचे आहे. छापील बायोडेटा आणि तोंडी ओळख यांचा मेळ कसा घालावा?

बायोडेटा एकाच पानाचा ठेवावा आणि वरच्या तीन ओळी ज्या क्रमाने छापल्या आहेत त्याच क्रमाने बोलाव्यात, कारण समोरची व्यक्ती तुमचे ऐकत असतानाच कागदावरून नजर फिरवत असते आणि ऐकलेली गोष्ट तिला तिथेच सापडायला हवी.

समजा, बी.कॉम. झालेल्या मुलीने अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात वर्षभर हिशेबाचे काम केले आहे. तिने नाव आणि ठळक मोबाइल क्रमांकाखाली हवे असलेले पद, मग केलेले काम आणि शेवटी रुजू होण्याची तयारी लिहावी. बोलणेही तसेच असावे: "नमस्कार सर, मी लेखा सहायक पदासाठी आले आहे. बी.कॉम.नंतर एक वर्ष मी टॉवेल कारखान्यात टॅलीवर खरेदी-विक्रीची बिले नोंदवत होते आणि महिनाअखेरीस बँकेचा ताळमेळ घालत होते. मी लगेच रुजू होऊ शकते." हे साधारण वीस सेकंदांत होते.

चूक बहुधा 'टॅलीचे ज्ञान' अशा मोघम ओळीत होते. "रोकड बँकेत भरली तर कोणते व्हाउचर?" असे विचारल्यावर 'कॉन्ट्रा' हे उत्तर चटकन आले नाही, तर पुढच्या ओळींवरचाही विश्वास उडतो. म्हणून ज्यावर दोन उपप्रश्नांची उत्तरे देता येतात तेवढेच छापावे. वडिलांचा व्यवसाय, धर्म, छंद माझ्या मते गाळावेत. दहा-बारा प्रती न दुमडता फाइलमध्ये न्याव्यात.