हाकेला ओ नाही, पण मिक्सर लावला की कानांवर हात

"मॅडम, लेकरू सव्वादोन वर्षांचं झालंय. हाक मारली तर वळून बी बघत नाही. शेजारचे म्हणतात, कानात दोष असंल. पण मिक्सर लावला की दोन्ही कान दाबून रडायलंय, मग बहिरं कसं म्हणावं? सासूबाई म्हणतात, ह्याचा बाप बी तीन वर्षांचा होऊन बोलला, थांबा थोडं. थांबावं का?"

थांबू नका. आणि मिक्सरला घाबरतो म्हणजे कान चांगलेच असणार, असंही धरून चालू नका. काही मुलांना मोठा, घोगरा आवाज ऐकू येतो, पण बोलण्यातले 'स', 'श' असे बारीक आवाज निसटतात. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या या आईला आणि आजीला मी सर्वांत आधी कानाच्या तपासणीला पाठवलं. मूल झोपेत असताना डोक्याला तारा चिकटवून कानात बारीक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते पाहतात. या तपासणीला बेरा म्हणतात. ओमचा (नाव बदललं आहे) बेरा व्यवस्थित आला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र त्यांना पुन्हा बोलावलं, कारण हाकेचा प्रश्न तसाच शिल्लक होता.

त्या दिवशी ओम खोलीत शिरला तो थेट खेळण्यातल्या टेम्पोकडे गेला. टेम्पो उलटा केला आणि गालाजवळ धरून चाक फिरवत बसला. आईने मागून चार-पाच वेळा हाक मारली. मान हलली नाही. मग मी तिला पिशवीतला बिस्किटाचा पुडा हळूच उघडायला सांगितलं. कागद जेमतेम कुरकुरला आणि ओमने लगेच वळून पाहिलं.

नंतर मी साबणाचे फुगे उडवले. तो खुदकन हसला, हात फडफडवले. या वयाचं मूल फुगा पाहतं, मग आईकडे पाहतं आणि परत फुग्याकडे. त्या नजरेत 'बघ ना!' असतं. ओमची नजर फुग्यावरच राहिली. फुगे संपल्यावर त्याने माझं मनगट धरलं आणि बाटलीवर नेऊन ठेवलं, पण माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. आजी कौतुकाने म्हणाल्या, "घरी बी असंच. तहान लागली की माझा हात धरून माठाकडं नेतो. लई हुशार आहे." हुशार तो होताच. पण बोट दाखवून मागणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नुसतं दाखवण्यासाठी बोट करणं, 'ती बघ गाय' असं, ओमने कधीच केलं नव्हतं. आईबापांना उशिरा येणारं बोलणं चटकन खटकतं. हे न दाखवलेलं बोट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि मला तेच जास्त बोलकं वाटतं.

आणखी एक गोष्ट आईने हळू आवाजात सांगितली. सव्वा वर्षाचा असताना ओम 'आई', 'पापा' म्हणायचा, मग ते शब्द गेले. आलेले शब्द जाणं कोणत्याही वयात झालं तरी तपासणीला उशीर करू नये. बाप उशिरा बोलला म्हणून थांबायचं असेल, तर निदान तो बाप त्या वयात बोट दाखवत होता का, हाकेला बघत होता का, हे आजीला विचारावं. मी विचारलं. आजी थोडा वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "बोलत नव्हता, पण हातवारे करून सगळं सांगायचा."

16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही 20 प्रश्नांची चाळणी आहे. आठ किंवा अधिक गुण आले तर पुढच्या तपासणीला पाठवतात. ओमचे 11 आले. एवढ्यावरून निदान होत नाही. ते बालविकासतज्ज्ञांनी त्याला पाहून, आईबापांशी सविस्तर बोलून केलं: स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम.

मग आईचा मूळ प्रश्न आला. कागदाची कुरकुर ऐकणाऱ्या कानाला आईची हाक का ऐकू येत नाही? हाक कानापर्यंत पोचते. पण सतत येणाऱ्या आवाजांतून माणसाचा आवाज, त्यातही स्वतःचं नाव, मेंदूने निवडून वर काढावं लागतं. त्यासाठी ऐकणं, माणूस ओळखणं आणि लक्ष वळवणं सांभाळणारे भाग एकमेकांशी जुळून चालावे लागतात. स्वमग्न मुलांत हे जोडकाम वेगळ्या रीतीने घडतं. ज्यांच्या मोठ्या भावंडाला स्वमग्नता होती अशा बाळांच्या मेंदूची छायाचित्रं संशोधकांनी घेतली. पुढे ज्या बाळांना स्वमग्नता आढळली, त्यांच्या मेंदूतल्या जोडणीच्या तंतूंत सहाव्या महिन्यातच फरक दिसला होता. 2012 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लांबच्या भागांतली जोडणी कमी आणि जवळच्यांतली जास्त, असं पूर्वी सरसकट म्हटलं जाई. आता चित्र तितकं सरळ राहिलेलं नाही, वयानुसार आणि मुलानुसार ते बदलतं. म्हणूनच एमआरआय काढून स्वमग्नता आहे की नाही हे सांगता येत नाही. फिटसारखी दुसरी शंका नसेल तर त्यापायी पैसे घालवू नका.

मिक्सरचं कारण याच्याशी जोडलेलं आहे. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला चार दिवसांनी गिरणी ऐकूच येईनाशी होते, कारण मेंदू तोच तो आवाज मागे सारतो. आवाज आणि स्पर्श सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलांना यंत्रात झोपवून कर्कश आवाज आणि खरखरीत लोकर असं एकत्र दिलं, तेव्हा मेंदूतला भीतीची दखल घेणारा भाग लवकर शांत होत नव्हता. ओमला मिक्सर रोज पहिल्यांदाच लावल्यासारखा येऊन आदळत असावा. 'सवय होईल' म्हणून त्याला मुद्दाम मिक्सरजवळ बसवायचे, ते आम्ही थांबवलं.

त्याऐवजी आई मिक्सर लावण्याआधी ओमला भांडं दाखवते, "घर्रर्र होणार" म्हणते, आणि आजी त्याला अंगणात नेतात. वरातीचा डीजे असेल तिथे कान झाकणारे मोठे हेडफोन सोबत असतात. हाकेचंही तसंच. मागून दहा वेळा नाव घेण्याऐवजी आईने समोर जाऊन, त्याच्या उंचीला बसून एकदाच हाक मारायची, थांबायचं, आणि त्याने पाहिलं की लगेच त्याच्या आवडीचे फुगे उडवायचे. सोबत स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू आहे. काही महिन्यांनी ओम समोरून मारलेल्या हाकेला बऱ्याचदा बघू लागला. मागून मारलेली अजून चुकते.

"दिवसभर कापूस वेचायला जायचे, तेव्हा मोबाईल हातात देत होते. त्यानंच झालं का?" असं आईने विचारलं होतं. नाही. स्वमग्नतेत जनुकांचा वाटा मोठा असतो आणि तिची सुरुवात बहुधा पोटात असतानाच होते. आईच्या लक्ष न देण्याने किंवा लसीमुळे ती होत नाही. मोबाईल कमी केला, कारण तेवढा वेळ त्याच्याशी खेळायला हवा होता.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. पथकाची वाट न पाहता अंगणवाडीताईंना आजच सांगितलं तरी चालतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्रही मिळतं.

ओमची आई आता पुन्हा गरोदर आहे. एका मुलाला स्वमग्नता असेल तर पुढच्या भावंडात ती साधारण पाचात एकाला आढळते. हे तिला मी स्पष्ट सांगितलं आहे. येणारं बाळ नवव्या महिन्यापासून हसण्याला हसून उत्तर देतं का, वर्षाचं झाल्यावर नावाला वळतं का, दीड वर्षाचं होईतो बोट दाखवतं का, हे ती पाहणार आहे. काही खटकलं तर शब्दांची वाट न बघता त्याच आठवड्यात यायचं, असं आमचं ठरलंय.