वायद्याच्या आधी गेलो म्हणून निभावलं

प्रश्न : सूतवाल्याचं बिल पुढच्या आठवड्यात द्यायचंय, खात्यात पैसे नाहीत. पंधरा दिवस वाढवून मागितले तर विश्वास जाईल का?

मागितल्यानं जात नाही. वायदा उलटल्यावर फोन उचलला नाही की जातो. आमच्या दादाला हे आजही पटत नाही. तो म्हणतो, आपण होऊन अडचण सांगितली की बाजारात बोभाटा होतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. एका दिवाळीत कामगारांचा बोनस वाटला आणि नेमकं तेव्हाच बाहेरगावच्या पार्टीनं पेमेंट लांबवलं. सूतवाल्याचं बिल ६,४०,००० चं, वायदा २८ तारखेचा, चेक त्याच्याकडे दिलेला. दादा म्हणाला, "गप्प बस, तो बँकेत टाकेल तेव्हा बघू." म्हणजे चेक बाऊन्स होऊ द्यायचा!

मी २२ तारखेलाच पेढीवर गेलो. पार्टी ५ तारखेला पैसे देते म्हणत होती, पण मी शेठना १२ तारीख सांगितली. एकदा मुदत मागितलेली खपते, दुसऱ्यांदा मागितली की संपलं. २८ ला २ लाख, १२ ला २,२०,०००, २० ला उरलेले २,२०,०००, असे तीन नवे चेक लिहूनच नेले होते. उशिराचं व्याज लावा, हेही मीच म्हटलं.

पार्टीची बिलं पुढे केली, ती शेठनी उघडलीसुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, "मग तोवर सूत कुठनं नेणार?" खरी भीती तीच असते, की जुनी बाकी आपल्याकडे अडकवून हा दुसऱ्या दुकानात उधारी चालू करणार. मी म्हटलं, तुमच्याकडूनच नेणार, लागेल तेवढंच, आणि रोखीनं. तेव्हा त्यांनी गल्ल्यातून जुना चेक काढून माझ्यासमोर फाडला. व्याज मात्र लावलं, मीही घासाघीस केली नाही. पार्टीचे पैसे ९ ला आले. १० लाच आरटीजीएस केला आणि १२ चा चेक परत आणला.

एक राहिलंच. सूत विकणारा नुसता व्यापारी असेल तर ठीक. पण रंगणीवाला किंवा सायझिंगवाला उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर कायद्यानं मुदत १५ दिवसांची, लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५. तो तोंडी "चालेल" म्हणाला तरी ही मुदत वाढत नाही. ती उलटून बाकी ३१ मार्चला उभी राहिली, तर त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत, पैसे द्याल त्या वर्षी धरतात. सीएला विचारून घ्या.

दादाचं म्हणणं, शेठ भला माणूस म्हणून निभावलं. गेल्या वर्षी रंगणीवाल्याशी तो स्वतःच्या पद्धतीनं वागला, महिनाभर फोन घेतला नाही. आता रंगणीवाला आधी पैसे मोजून घेतो, मग सूत कढईत टाकतो. दादा म्हणतो, तो माणूसच खवट.