राउटरच्या बॅकअपसाठी सेल मोजताना

भाऊ, जळगावात वीज गेली की राउटर चालावा म्हणून तू जुन्या लॅपटॉपचा सेल तपासलास. टेस्टरने ०.५ अँपिअरच्या स्थिर करंटवर २५०० एमएएच दाखवले. आकडा खरा आहे, पण राउटर तसा करंट ओढत नाही.

१२ व्होल्टचा राउटर ६ वॅट घेतो असं धर. सेलचा व्होल्टेज वाढवून १२ व्होल्ट करणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरमधला तोटा धरून सेलवर साधारण ७ वॅट भार येतो, आणि तो कमी होत नाही. सेल ४.१ व्होल्टवर असताना १.७ अँपिअर पुरतो, ३.२ व्होल्टवर आल्यावर तेवढ्याच वॅटसाठी २.२ अँपिअर लागतो. म्हणजे सेल थकत जातो तसा त्याच्यावरचा करंट वाढतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध ०.०८ ओहम असेल, तर २.२ अँपिअरला जवळपास ०.१८ व्होल्ट आतच पडतो, ०.५ अँपिअरला फक्त ०.०४. त्यात कन्व्हर्टर ३ व्होल्टला बंद होत असेल आणि टेस्टर २.८ पर्यंत मोजत असेल, तर फरक आणखी वाढतो.

म्हणून लोड स्थिर पॉवरवर, ७ वॅटला लाव. चाचणी थांबायचा कटऑफ कन्व्हर्टरचाच, म्हणजे ३ व्होल्ट, ठेव आणि वॅट-तास वाच. ८ वॅट-तास मिळाले, तर राउटर सव्वा तासाच्या थोडं आतच बंद पडेल. २५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे ९ वॅट-तास, हा हिशेब इथे धरू नकोस.

करंट स्थिर ठेवणाऱ्या लिनिअर ड्रायव्हरच्या टॉर्चला मात्र तुझी जुनी चाचणी चालेल. करंट तेवढा टॉर्चचाच लाव.