फराळ अमेरिकेत पाठवायचा की राजेंद्र नगरात?

प्रश्न : मी इंदूरला राजेंद्र नगरात घरून फराळ आणि मसाले करून विकते. दोन किलोच्या फराळाच्या डब्याला माल, गॅस, पॅकिंग धरून 700 रुपये पडतात, विकते 1,200 ला. आता अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना विकायचं आहे. कुरिअर एजंट किलोला 700 रुपये सांगतो. वेबसाइट आणि जाहिरातीसाठी 2 लाखांची एफडी मोडू का?

उत्तर : ताई, एफडी राहू द्या. एजंटने किलोचा भाव सांगितला, पण किलो कसा मोजणार ते बहुधा सांगितलं नाही. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5,000 ने भागतात. ते वजन आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. चिवडा फुगीर असतो आणि चकली मोडू नये म्हणून मोकळी जागा ठेवावी लागते. त्यामुळे 4 किलो फराळाला 40 × 30 × 30 चं खोकं सहज लागतं. त्याचं वजन 7.2 किलो धरलं जाईल, म्हणजे 5,040 रुपये. 2,400 चा फराळ गिऱ्हाइकाला 7,440 ला पडला. शिवाय अमेरिकेतली 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद आहे. शुल्क भरायला गिऱ्हाइकाने नकार दिला, तर पार्सल अडकतं आणि नुकसान तुमच्या अंगावर येतं. काही एजंट ‘गिफ्ट लिहून टाकू’ म्हणतात. घरी केलेला पदार्थ खरोखर भेट म्हणून पाठवला तर तिथल्या अन्न खात्याला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही, पण विकलेल्या मालाला ही सवलत नाही.

म्हणून परदेशातल्या मुलांना गिऱ्हाईक करा, पण डबा त्यांच्या आईवडिलांकडे पोचवा. ते तुमच्याच राजेंद्र नगरात, लोकमान्य नगरात, रामबागेत राहतात. पैसे मुलाच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून रुपयांत येतात, माल शहरातच राहतो, त्यामुळे निर्यातीची कागदपत्रं लागत नाहीत. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी मात्र हवीच, आणि तिचा क्रमांक डब्यावर छापा. पोचवायला 60 रुपये धरले तरी डब्यामागे 440 उरतात. त्याच हिशोबाने जाहिरातीत घातलेले 2 लाख वसूल व्हायला सुमारे 455 डबे विकावे लागतील.

यात विश्वासही लवकर बसतो. न्यू जर्सीतली मुलगी तुमचे फोटो पाहून फारसं ठरवत नाही. तिची आई फोनवर ‘चकली खुसखुशीत होती गं’ म्हणाली की पुढची ऑर्डर येते. म्हणून पहिले काही डबे जाहिरातीऐवजी ओळखीच्या आजी-आजोबांकडे जाऊ द्या आणि मुलांचा व्हॉट्सॲप नंबर त्यांच्याकडूनच, विचारून घ्या.

मुलांचे प्रश्न ठरलेले असतात: तेल कुठलं, कधी तळलं, बाबांना मधुमेह आहे तर काय द्याल, शेंगदाणे आहेत का, घर बंद असेल तर काय. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवा. ‘साखर कमी’ असं मोघम लिहू नका, ‘या डब्यात लाडू नाहीत’ असं लिहा. डबा पोचला की झाकणावरच्या तारखेचा फोटो पाठवा. आजींचा फोटो त्यांनी हो म्हटल्याशिवाय काढायचा नाही.

आता घड्याळ. दिवसभर फोन धरून बसू नका. सकाळी 7 ते 8:30 ही एकच वेळ अमेरिकेसाठी ठेवा. उन्हाळ्यात न्यू जर्सीला तेव्हा आदल्या रात्रीचे 9:30 ते 11 असतात, कॅलिफोर्नियात 6:30 ते 8. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं. 2026 मध्ये तो 1 नोव्हेंबर आहे आणि लक्ष्मीपूजन 8 तारखेला, म्हणजे ऐन गर्दीत वेळ सरकते. खरी गफलत मात्र वाराची होते. तिथे शुक्रवारी रात्री ‘उद्या पोचवा’ असा निरोप लिहिला जातो, तेव्हा इथे शनिवार उजाडलेला असतो. त्यामुळे प्रत्येक ऑर्डरला ‘रविवार 1 नोव्हेंबर, इंदूर, दुपारी 12 च्या आत’ असं लिहून उलट पाठवा आणि ‘हो’ आल्यावरच पूर्ण पैसे आगाऊ घ्या.

यासाठी 15,000 पुरतात: लेबलं, चांगले डबे, नमुन्यांचा माल. तेही एफडीतून नाही, विक्रीतून काढा. तीन महिन्यांत निम्म्या घरांकडून दुसरी ऑर्डर आली नाही, तर अडचण चवीत किंवा पोचवण्यात आहे. तेव्हा जाहिरातीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

ऑर्डरी टिकल्या आणि तिकडून गोडा मसाला, भाजणी, मेतकूट मागवलं जाऊ लागलं, तर निर्यातीचा विचार करा. हा माल घट्ट बसतो, 4 किलोला 25 × 20 × 20 चं खोकं पुरू शकतं, म्हणून पैसे काट्यावरच्या वजनाचेच लागतात. तेव्हा निर्यातीचा आयईसी क्रमांक काढावा लागेल (शुल्क 500 रुपये), जीएसटी नोंदणीही करावी लागेल, कारण निर्यात आंतरराज्य पुरवठ्यात धरतात. शुल्क कोण भरणार हे एजंटकडून लेखी घ्या.